गाठोडं कुणी टाकलं

चौकीत जबान्या लिहिण्याचं काम माझं. माणूस बोलतो, मी लिहितो, फौजदार सही घेतात. साल एकोणीसशे चौतीस असावं. त्या दिवशी समोर बसलेला माणूस चिनी होता आणि तो रडत नव्हता, याचाच मला राग येत होता. आदल्या दिवशी ज्याचा सख्खा भाऊ खाडीत गेला, त्याने असं भिंतीकडे बघत बसावं?

त्याचं नाव लिऊ. तो आणि थोरला भाऊ गावोगाव रेशीम विकत हिंडत. आगरदांड्याहून दिघीला जाणाऱ्या होडीत दोघे बसले होते. मध्यावर वारा फिरला, पाणी आत यायला लागलं, आणि त्यांचं रेशमाचं गाठोडं खाडीत गेलं. थोरल्याने गाठोड्यामागे उडी घेतली. तो वर आला नाही.

होडी धर्माजीची. आमच्याकडे एक रीत आहे. होडी भरायला लागली की तांडेलाने, म्हणजे होडी हाकणाऱ्याने, ‘वजन सोडा’ म्हणून ओरडायचं, आणि ज्याचं वजन त्याने स्वतःच्या हाताने सोडायचं. दुसऱ्याच्या वजनाला कुणी हात लावत नाही, तांडेलसुद्धा नाही. धर्माजीने परक्याचं गाठोडं स्वतः फेकलं असेल, तर त्या भावाचा जीव त्याच्या माथी. मग होडी गेली, तुरुंग आला, आणि गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही.

होडीतल्या उतारूंना विचारून काही उपयोग झाला नव्हता. सगळे डोकं खाली घालून पाणी उपसत होते. एक म्हणाला धर्माजीने फेकलं, दुसरा म्हणाला आपण पाहिलं नाही. धर्माजी दाराशी उकिडवा बसून एकच सांगत होता.

“म्यां वरडलो. हात न्हाय लावला.”

त्याची बायको बायजा पलीकडे पदराचं टोक दातात धरून उभी होती.

दुभाषा म्हणून चौलहून हनोखबाबांना आणलं होतं. हे आमच्याकडचे शनवार तेली, म्हणजे कोकणातले यहुदी. तरुणपणी एका पेढीच्या नोकरीत चीनला गेले आणि हांकौ नावाच्या बंदरात वीस-एक वर्षं राहिले. पेढीत चिनी कागदांचं इंग्रजी करायचे. लिऊचा मुलूख तिथून जवळच, त्यामुळे त्याची बोली त्यांना कळत होती. म्हातारा भलता चिकट. एका वाक्यासाठी चहा थंड करायचा.

लिऊ थोडंच बोलला. हनोखबाबांनी डोळे मिटून ऐकलं आणि मला सांगितलं, “लिही. भावाला पाण्याने ओढून नेलं.”

मी लिहिलं.

“त्याआधी गाठोडं...” म्हणून ते थांबले.

फौजदार म्हणाले, “गाठोडं काय?”

“गाठोडं टाकलं.”

मी टाक बुडवला आणि धर्माजीकडे पाहिलं. फौजदारांनीही पाहिलं. ‘टाकलं’ म्हटल्यावर टाकणारा कोण, हे आम्हा दोघांच्या मनात आपोआप येऊन बसलं होतं. बायजाने पदर सोडला.

“थांब, लिहू नकोस,” हनोखबाबा म्हणाले. “हे चुकतंय.”

फौजदार वैतागले. माणूस बोलला, तुम्ही सांगितलं, आता चुकतंय काय? मग म्हाताऱ्याने ते समजावलं. मला तेव्हा अर्धंच कळलं, पण जे कळलं ते असं. चिनीत ‘बेई’ म्हणून एक शब्द आहे. बहुतेक वेळा काही वाईट ओढवलं की तो येतो. ज्याच्यावर ओढवलं तो वाक्यात पुढे, मग हा बेई. करणारा सांगायचा असेल तर बेईच्या मागोमाग सांगतात, नसेल तर गाळतात. भावाच्या वाक्यात लिऊने पाणी सांगितलं होतं, म्हणून त्याचं सरळ मराठी झालं, पाण्याने ओढून नेलं. ‘पाण्याकडून ओढला गेला’ असं कुठला मराठी माणूस बोलतो? गाठोड्याच्या वाक्यात मात्र बेईच्या मागोमाग कुणीच नव्हतं.

“मग लिहा ‘गाठोडं पडलं’,” फौजदार म्हणाले.

“तसं नाही. पडलं असतं तर त्याने बेई घातलाच नसता. कुणीतरी टाकलंय.”

“तर मग ‘टाकलं’ बरोबर आहे.”

“आपण नुसतं ‘टाकलं’ म्हटलं की ऐकणारा जवळचा माणूस धरतो. तुम्ही धरलात. ह्यानेही धरला.” ह्याने म्हणजे मी. “पेढीवर माझा साहेब सांगायचा, कर्ता शोध आणि वाक्य सरळ कर. शोधणं बरं. पण आपल्या पदरचा घालायचा नाही. त्यालाच विचारतो.”

त्यांनी विचारलं. दोनच शब्द असतील. लिऊने भिंतीकडे बघतच बोट उचलून स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावर ठेवलं.

फौजदारांना वाटलं माशी बसली. हनोखबाबांचा चेहरा मात्र उतरला. चिनी माणूस ‘मी’ म्हणताना छातीला नाही, नाकाला बोट लावतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मी टाक खाली ठेवला.

हळूहळू बाकीचं बाहेर आलं. धर्माजी ओरडला ते लिऊला कळलं नाही, पण लोक आपापल्या गोणी सोडताना त्याने पाहिलं. थोरला गाठोडं सोडेना. वर्षभराची कमाई होती ती. लिऊने त्याच्या हातातून हिसकावलं आणि टाकलं. हे सगळं तो बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगत होता. माझा राग कुठे गेला कळलं नाही. त्याच्या जागी काहीच आलं नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.

मी लिहिलं, ‘गाठोडं मी स्वतः टाकलं.’ फौजदारांनी धर्माजीला घरी जायला सांगितलं. तो उठला, लिऊसमोर येऊन उभा राहिला. हात जोडून निघून गेला. बायजाही त्याच्या मागून गेली.

आता जबानीचं इंग्रजी राहिलं होतं. ते कलकत्त्याला चिनी वकिलातीकडे जाणार, तिथून चिनीत उतरून लिऊच्या गावी. हनोखबाबांनी ते स्वतः लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर मला हळूच म्हणाले, “इंग्रजीत करणारा न सांगता हे वाक्य बसतं. मी तसंच ठेवलंय. गाठोडं टाकण्यात आलं, बस. मराठीत धर्माजीची मान अडकली होती, म्हणून ‘मी’ हवा होता. इथे कुणाची मान नाही. आणि हे त्याच्या आईला वाचून दाखवतील.”

मला ते पटलं. आजही पटतं.

अंगठ्यासाठी कागद लिऊपुढे ठेवला. तो ओळींवरून बोट फिरवू लागला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. पण साहेबांच्या बंगल्यांवर रेशीम विकताना त्याने इंग्रजीतला ‘मी’ पाहिला होता. एक उभी रेघ. गाठोड्याची ओळ कुठली, ते त्याने हनोखबाबांकडून विचारून घेतलं. ती ओळ त्याने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली.

मग कागद परत केला आणि काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?” मी विचारलं.

हनोखबाबांनी चष्मा काढला. “म्हणतो, ‘मी’ कुठे आहे?”

त्यांनी त्याला दोनदा समजावलं असावं. आईचा उल्लेख करत होते, ते मला त्यांच्या आवाजावरून कळलं. लिऊने फक्त बोट पुन्हा नाकावर ठेवलं आणि तिथेच धरून ठेवलं.

हनोखबाबांनी ती ओळ खोडली. वर नवी लिहिली, आणि ती उभ्या रेघेनेच सुरू झाली. लिऊने ती रेघ पाहिली, तिच्यावर बोट टेकवलं, आणि तेव्हा कुठे तो रडायला लागला.