उभी राहणारी लेक

माझ्या लेकीच्या दुखण्याचा कागद मी लिहिला होता. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. तेवढं एक काम आपल्याला जमतं, असं वाटायचं. दर नव्या डॉक्टरांसाठी मी तो कागद पुन्हा स्वच्छ उतरवून द्यायचो. लेकीने तो नीट कधी वाचलाच नाही. “बाबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार,” म्हणायची.

चार वर्षं तिच्या ओटीपोटात दुखत होतं. दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गर्भपिशवीचं अस्तर पिशवीबाहेर वाढतं तो आजार, एंडोमेट्रिओसिस, आढळला नाही, पण आतडं एका बाजूला चिकटलेलं होतं, ते सोडवलं. तीन महिने बरे गेले आणि दुखणं परत आलं. मग सोनोग्राफीत गर्भपिशवीभोवतीच्या शिरा फुगलेल्या दिसल्या. “पिशवी काढून टाकू,” डॉक्टर म्हणाले. सोमवारची तारीख ठरली. लेक छत्तीस वर्षांची. तिला एक मुलगी आहे, आणि दुसरं मूल हवं आहे. त्या तारखेबद्दल ती घरात कुणाशी बोलायची नाही.

जावयाने शुक्रवारी दुसऱ्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. त्याला रजा मिळाली नाही, म्हणून मी बरोबर गेलो.

बाई दार उघडून बाहेर डोकावल्या. “खुर्च्या रिकाम्या आहेत की. उभ्या का तुम्ही?”

“सवय झालीये,” लेक म्हणाली.

आत गेल्यावर मी कागद पुढे केला. बाईंनी वाचला. “वा! छापल्यासारखं अक्षर. कुणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो, आणि उगाच कान गरम झाले.

“‘उभे राहिल्याने व श्रमाने दुखणे वाढते.’ हे तुम्ही सांगितलं होतं का?” त्यांनी लेकीला विचारलं.

लेक माझ्याकडे बघायला लागली. “नाही हो. उलटंच आहे. बसलं की दुखतं. डाव्या बाजूला खाली, जळतं. उभं राहिलं की बरं वाटतं. पोस्टाच्या खिडकीवर मी दिवसभर उभ्यानेच काम करते. साहेब म्हणतात, खुर्चीला काटे आहेत का?”

मी तिला त्या खिडकीत उभं पाहिलं होतं. संध्याकाळी चेहरा उतरलेला असायचा. पोर उभी राहून दमते, त्यानेच दुखतं, असं मीच ठरवलं आणि लिहून टाकलं. तिला विचारायचं तर ओटीपोटाबद्दल विचारावं लागलं असतं. मला तोंड उघडवलं नाही.

“फुगलेल्या शिरांचं दुखणं सहसा उभं राहिल्यावर वाढतं आणि आडवं झाल्यावर कमी होतं,” बाई म्हणाल्या. “तुमचं तसं नाही. आणि तशा शिरा काहीही दुखत नसलेल्या बायकांतही दिसतात. दिसलं म्हणजे तेच दुखतं असं नाही. चिकटलेल्या आतड्याचंही तसंच. आता पहिल्यापासून जाऊ. आजोबा, जरा बाहेर बसा.”

मी सुटल्यासारखा उठलो. बराच वेळ झाला. आतून एकदाच लेकीचा आवाज ऐकू आला. “हेच! अगदी हेच!”

मला आत बोलावलं तेव्हा लेकीचे डोळे ओले होते, पण ती हसत होती. लघवी, शौच, नवऱ्याजवळ जाणं, बाळंतपण, सगळं विचारल्याचं बाईंनीच मला सांगितलं. मग पोटावर दुखऱ्या जागी बोट ठेवून तिला डोकं उचलायला लावलं. दुखणं वाढलं नाही, म्हणजे पोटाच्या भिंतीचा दोष नसावा. कापसाने दोन्हीकडे स्पर्श कळतो का पाहिलं, कळत होता, म्हणजे नस बधिर झालेली नव्हती. शेवटी आतून एका बोटाने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकेक दाबून पाहिले, आणि डावीकडचा एक दोरीसारखा ताठ सापडला; तो दाबताच तिचं नेहमीचं दुखणं उठलं.

“स्नायू आवळलाय. शेजारची नसही चिडलेली असू शकते,” बाई म्हणाल्या. “ऑपरेशन पुढे ढकलता येईल, घाई काही नाही. फिजिओथेरपिस्टकडे स्नायू सैल करायला शिका. बारा आठवड्यांत फरक पडला नाही तर नसेभोवती बधिर करायचं इंजेक्शन देऊन बघू. तेही नाही, तर शिरांकडे परत वळू. चार वर्षांचं दुखणं आहे, चार दिवसांत जाणार नाही. आणि रोजची नोंद ठेवा.” त्यांनी कागद मला परत दिला. “ती स्वतः लिहील.”

जिन्यात मी म्हणालो, “अगं, माझं चुकलं. सोमवारी तुझी पिशवी...”

“बाबा, मी तरी कुठे वाचला कागद?” ती म्हणाली. “आणि तुम्ही विचारलं असतंत, तर मी सांगितलं असतं का?”

सोमवारचं ऑपरेशन तिने स्वतः फोन करून थांबवलं. वही घेतली. घाईच्या, तिरक्या अक्षरात ती रोज लिहायची आणि वही टेबलावर तशीच उघडी टाकायची. मी बघायचो नाही. खोटं कशाला, बघायचो. पण माझी लाल पेन्सिल खणातच राहिली.

नवव्या आठवड्यात एका दुपारी ती नातीच्या शेजारी गणितं घेत होती. मी वाचत होतो, म्हणून उशिरा लक्षात आलं: ती खुर्चीवर बसली होती. काही बोलावं का, हे मला ठरवता येईना. मग पुस्तक खाली ठेवलं.

“दुखतंय का गं?” मी विचारलं.

ती वळली. “थोडं,” म्हणाली. “अर्धा तास झाला. बसते अजून.”