तीन कणसांची अट

बाबांना वास येत नाही हे मला एका कणसामुळे कळलं, आणि कळल्यावर मी जो तमाशा केला त्याची आता थोडी लाज वाटते.

एका रविवारी मी गुरुग्रामहून दिल्लीत मुनिरक्याला त्यांच्या घरी गेले, तर जिन्यातच जळका वास. शेजारच्या कालराआंटी दार बडवत होत्या, "अंकलजी, कुछ जल रहा है!" बाबांनी दार उघडलं. हातात पेपर, चेहऱ्यावर नवल. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, आत धूर आणि जाळीवर एका कणसाचा कोळसा. आमचे दादाराव, वय चौऱ्याहत्तर, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त, आणि त्यांना यातलं काही म्हणजे काही कळलं नव्हतं.

खोदून विचारल्यावर कबूल केलं. कोविडमध्ये गेलेला वास परत आलाच नव्हता. इतकी वर्षं हा माणूस माझी आमटी "वा, काय वास सुटलाय!" म्हणत भुरकत होता.

राग माझ्या नाकावरच असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी तिथल्या तिथे निकाल दिला. आई जाऊन तीन वर्षं झाली, एकटे राहता, उद्या गॅस गळला तर तुम्हाला कळणारही नाही. पुढच्या रविवारी टेम्पो येईल, सामान बांधा, माझ्याकडे चला.

बाबांनी आवाज चढवला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "एक अट. त्या दिवशी मी तीन कणसं भाजतो. एक जरी बिघडलं तरी टेम्पोत तुझ्याआधी मी बसतो. तिन्ही जमली तर टेम्पो परत पाठवायचा."

"अच्छा, आणि कणसं मी आणणार," मी म्हटलं. मला खात्री होती की ते हरणार. नाकाशिवाय कणीस भाजायचं कसं? लहानपणी गच्चीवर ते शेगडी पेटवायचे, आई पंख्याने वारा घालायची. कोळशावर पांढरी राख धरली की मगच कणीस ठेवायचे, तेही निखाऱ्यापासून चार बोटं वर. आणि मधूनच नाक फुलवून म्हणायचे, "प्रभावती, झालं बघ."

रविवारी अकराला मी पोचले. अर्धं घर खोक्यांत भरलेलं होतं. त्यांनी शब्द पाळायची तयारी ठेवली होती, हे पाहून मला उगाचच चीड आली. मी पिशवीतून कणसं काढली. अ‍ॅपवरून मागवलेली, सोललेली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, पिवळीजर्द.

बाबांनी एक हातात घेतलं, उलटसुलट केलं. "हे कुठलं गं?"

"कणीसच आहे, बाबा. आता निमित्त नको."

त्यांनी जाळी ठेवली, आच मध्यम केली, ज्योतीचं टोक दाण्यांना टेकत नाही ना ते वाकून पाहिलं. एका ओळीवर काळे ठिपके आले की पाव वळसा, पुन्हा पाव वळसा. दाणे तडतडायला लागले. ते डोळे मिटून ऐकत होते. मग अंगठ्याचं नख एका दाण्यात रुतवलं. रस उडाला.

"अजून कच्चं आहे," म्हणाले आणि आणखी फिरवलं. पुन्हा नख, पुन्हा रस. पुन्हा वळसा. मला करपल्याचा वास येऊ लागला होता. मी गप्प बसले. अटच होती ना. तिसऱ्यांदा नख लावेपर्यंत एक बाजू काळी पडली आणि दाणे फुटून आत गेले.

बाबांनी कणीस खाली ठेवलं. "हरलो," म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्यांच्या अंगठ्याला काजळी लागली होती आणि ते ती पंच्याला पुसत होते, सावकाश, जणू आता कसलीच घाई उरली नव्हती.

"चल, गॅस पेटलेलाच आहे तर उरलेली दोन भाजतो. तू सकाळपासून काही खाल्लं नसशील."

त्यांनी जळक्या कणसाचा एक दाणा तोडून चावून पाहिला. मग हसले. "अगं, हे आपलं नव्हेच. हे गोडवालं. आपल्या देशी कणसाचा चीक भाजल्यावर आत आटतो, म्हणून नख लावायचं. यात पाणी आणि साखर, रस शेवटपर्यंत राहतो. मी रस आटायची वाट पाहत बसलो आणि साखर जळून गेली."

म्हणजे चूक माझीच. मला दोन कणसांतला फरकही ठाऊक नव्हता आणि मी परीक्षा घ्यायला निघाले होते!

दुसरं कणीस त्यांनी जाळीवर ठेवलंच नाही. आच बारीक केली, चिमट्यात धरून ज्योतीच्या चार बोटं वर, शेगडीवर धरायचे तसं. हात थांबू देत नव्हते. "रंग बघ. आधी फिकट होतो, मग गडद आणि चकचकीत. आणि ऐक. आधी नुसतं चरचरतं, ते पाणी. मग तड, तड, सुटं सुटं. इथे उतरवायचं, ठिपके थोडे असले तरी."

उतरवलं. लिंबाच्या फोडीवर मीठ-तिखट घेऊन चोळलं आणि माझ्या हातात दिलं. मी चावा घेतला. दाणे टचटचीत, आतून ऊन आणि मऊ, कुठे कडवटपणाचा लवलेश नाही. मला रडूच आलं. तिखट लागलं म्हटलं, पण ते कोणाला पटणार?

तिसरं त्यांच्यासाठी. तेही तसंच उतरलं.

खाताना मला माझं स्वयंपाकघर आठवलं. चौदावा मजला, काळी काच, बटणावर तापणारी इंडक्शनची शेगडी. ज्योत म्हणून नाहीच. मी त्यांना तिथे नेणार होते आणि वर म्हणणार होते, बघा, किती सेफ आहे.

"बाबा, राहा तुम्ही इथेच," मी म्हटलं. "पण एक करा, आधी गॅस बंद."

"मघाशीच केला. सिलेंडरवरूनही."

तरी सवयीने मी ओट्याखाली वाकले. रेग्युलेटर खरंच बंद होता. आणि त्याच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक पांढरी डबी भिंतीला लावलेली. हिरवा दिवा लागलेला. गॅस गळला तर ओरडणारी. वर चिकटपट्टीवर बाबांचं ऑफिसातलं टपोरं अक्षर होतं, आणि तारीख मागच्या सोमवारची, कणीस जळाल्याच्या दुसऱ्याच दिवसाची.

"हे कधी... सांगितलं का नाही?"

"गॅस जड असतो, खाली बसतो, म्हणून खाली लावलं," ते म्हणाले, जणू मी एवढंच विचारलं होतं. मग कणसाचं दांडकं ताटलीत ठेवून माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं, तर तू डबीवर विश्वास ठेवून मला राहू दिलं असतंस, बाळा. मला तो माझ्यावर हवा होता."

मी उठून टेम्पोवाल्याला फोन लावला. "भैया, मत आइए." मग खोकी सोडायला बसले. सगळ्यात वरच्या खोक्यात आमची गच्चीवरची जुनी शेगडी होती, पेपरात नीट गुंडाळलेली. ती त्यांनी माझ्या चौदाव्या मजल्यासाठी बांधली होती.