माफी फक्त शब्दाची

सोमवारच्या मीटिंगमध्ये मी मुख्य सिस्टरला भिकारचोट म्हणाले. नऊ माणसांसमोर आणि चांगल्या खणखणीत आवाजात. कुजबुजले असते तर कदाचित निभावून गेलं असतं, पण कुजबुजायची सवय मला कधी लागली नाही.

हॉस्पिटलच्या धुलाईघराची मी मुकादम. सव्वीस वर्षं झाली. चौथीपर्यंत शाळा, पुढचं शिक्षण वाफेच्या मशिनवर. हाताखाली सहा बाया. वॉर्डातून मळक्या चादरी पिशव्यांत भरून येतात, प्रत्येक पिशवीला वॉर्डाची चिठ्ठी. आम्ही त्या टेबलावर हळू उलगडतो, झटकत नाही, कारण झटकलं की घाण हवेत उडते. मग रक्ताच्या वेगळ्या, साध्या वेगळ्या. त्या बोळ्यांतून काय काय निघतं. चमचे निघतात, दातांची कवळी निघते, एकदा चालू मोबाईल निघाला आणि पलीकडून कोणीतरी जेवलास का म्हणून विचारत होतं. मीटिंगच्या आदल्या आठवड्यात इंजेक्शनची सुई निघाली. ती आधी चष्मेवालीच्या बोटात गेली, मग आम्हाला दिसली.

चष्मेवाली माझ्याकडची सगळ्यांत नवी. कामाला चोख, बोलायला कमी. तिचं बोट मी नळाखाली धरलं, साबणाने धुतलं आणि तिला तशीच तातडीच्या विभागात नेली. डॉक्टरने रक्त घेतलं, अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. गोळ्यांनी तिला सकाळपासून मळमळायचं. पण गोळ्यांनी भागत नाही. सुई कुठून आली याची अपघाताच्या रजिस्टरात नोंद लागते, आणि त्या नोंदीवर ज्या वॉर्डाची पिशवी त्या वॉर्डाच्या सिस्टरची सही लागते. सही नसली तर उद्या तिच्या रक्तात काही निघालं तर हॉस्पिटल हात वर करणार. सुई टोचली म्हणता, पुरावा काय?

पिशवीवरची चिठ्ठी चौथ्या मजल्याची होती. म्हणजे मुख्य सिस्टरच्या वॉर्डाची. सुया टाकायला त्यांच्याकडे प्रत्येक खाटेजवळ जाड पांढरा डबा असतो. डब्यापर्यंत हात पुढे करायचा कोणाला तरी आळस आला, एवढीच गोष्ट.

मीटिंगमध्ये मी ती मांडली. चिठ्ठी टेबलावर ठेवली. सिस्टरने चिठ्ठीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, धुलाईघरातल्या बायकांना हातमोजे घालायचा कंटाळा, आणि कामावरून सुटल्यावर त्या कुठे जातात, कोणाबरोबर राहतात, त्याची नोंद आमच्याकडे नसते.

चष्मेवाली माझ्या शेजारी बसली होती. तिने मान खाली घातली. आणि मग माझ्या तोंडून तो शब्द गेला. सिस्टर उठली, वह्या गोळा केल्या आणि चालती झाली. मीटिंग घेणाऱ्या हॉस्पिटलच्या साहेबांनी ती तिथेच संपवली. सुईचा विषय टेबलावरच राहिला.

मंगळवारी मला आस्थापना विभागात बोलावलं. तिथे एक पोरसवदा बाई बसते, केस घट्ट बांधलेले, आवाज इस्त्री केलेला. तिने मला कागद दिला. गुरुवारी पाचच्या आत लेखी माफीपत्र. नाही दिलं तर अधिकृत ताकीद आणि मुकादमपद जाईल. वर साहेबांचा निरोप होता की हे प्रकरण मिटेपर्यंत धुलाईघराची कुठलीही तक्रार मीटिंगमध्ये घेतली जाणार नाही.

"म्हणजे सुईची नोंदपण नाही?" मी विचारलं.

"आधी पत्र," ती म्हणाली.

मुकादमपद जाईल याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण सुई अडकली याचा त्याहून जास्त आला.

पहिलं पत्र जावयाने लिहून दिलं. तो विमा कंपनीत आहे, त्याला कोणालाही काहीही लागू न होणारी वाक्यं लिहिता येतात. ‘सदर प्रसंगी माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करते.’ मला ते फार आवडलं. वाचून असं वाटायचं की वक्तव्य कोणीतरी वाऱ्यावर सोडलं आणि ते आपणहून जाऊन कोणाला तरी धडकलं.

आस्थापनेच्या बाईने ते दोन मिनिटांत परत केलं. म्हणाली, दुखावल्या असल्यास नाही, दुखावल्या आहेत, नऊ जणांनी पाहिलंय. पत्र साहेबांच्या नावाने आहे, शिवी साहेबांना दिली होती का? सिस्टरच्या नावाने लिहा. आणि सगळ्यांसमोर बोललात, म्हणून त्या मीटिंगला जे होते त्या सगळ्यांना प्रत जाईल.

मी विचारलं, शब्द लिहू का? लिहायला मला लाज नाही. ती म्हणाली, नको, फाईलमध्ये वर्षभर राहणार, अपशब्द एवढंच पुरे.

दुसरं पत्र मी बुधवारी घरी सुनेला लिहायला बसवलं. तिचं अक्षर मोत्यासारखं, स्वभाव शिंपल्यासारखा, घट्ट मिटलेला. मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मी अपशब्द वापरला, तो वापरायला नको होता. परंतु सिस्टरनी माझ्याकडच्या मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, परंतु पिशवी त्यांच्याच वॉर्डाची होती, परंतु…

सुनेने पेन ठेवलं.

"आई, तुमच्या माफीत नेहमी समोरच्याचीच चूक निघते."

मी म्हटलं, मी सांगते तेवढं लिही. ती म्हणाली, माझ्या माहेरच्या माणसांसमोर तुम्ही मला निर्लज्ज म्हणालात, त्यानंतर तुम्ही मला काय सांगितलंत ते आठवतंय? ‘बोलले ते चुकलं, पण तूही उलट बोलायला नको होतंस.’ त्या ‘पण’च्या अलीकडचं मला आजवर ऐकूच आलेलं नाही.

"सहा वर्षं धरून बसलीस?"

"तुम्ही सोडवायला आला नाहीत."

ती उठून गेली. थोरला मुलगा सोफ्यावर बसून फोनमध्ये डोकं घालून होता. त्याला सगळं ऐकू येतं, फक्त बायको आणि आई एकाच खोलीत असल्या की तो बहिरा होतो. पत्र मी तसंच, परंतुंसकट, पिशवीत घातलं.

गुरुवारी सकाळी धुलाईघरात चष्मेवाली माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढराफटक होता, गोळ्यांचा आठवा दिवस. तिच्या हातात मीटिंगचा वृत्तान्त होता, सगळ्यांना वाटतात तो टाइप केलेला कागद. ती म्हणाली, मावशी, वाचा.

मी वाचला. वृत्तान्तात माझ्या अपशब्दाला पाच ओळी होत्या. कोण बसलं होतं, शब्द कोणाला उद्देशून होता, सिस्टर केव्हा उठल्या. सुईला एकही ओळ नव्हती. चौथ्या मजल्याची चिठ्ठी नाही, तिचं बोट नाही, सिस्टर काय बोलली ते नाही. सगळ्यांना शेवटी तेवढंच आठवलं होतं, जे सगळ्यांत मोठ्याने बोललं गेलं.

"तुमच्या शिवीने माझी सुई गिळली," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोललात म्हणून सगळ्या बाया तुमचं कौतुक करतायत. मला कोणी विचारलं नाही. तुम्हीपण नाही."

मी तिला सांगायला लागले की तुला कोणी तसं बोललं तर मी ऐकून घेणार नाही. ती चादरींकडे वळली. तिच्या पाठीशी बोलत राहण्यात अर्थ नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत मी आस्थापना विभागात गेले आणि परंतुंचं पत्र बाईपुढे ठेवलं. तिने वाचलं, पहिल्या परंतुवर बोट ठेवलं.

"इथून खालचं खोटं आहे असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "पण ही माफी नाही, ही तक्रार आहे. तक्रारीचा कागद वेगळा असतो, त्याला आवक नंबर पडतो, त्याचं उत्तर द्यावं लागतं. हे एकात एक घातलंत तर माफी मान्य होणार नाही, आणि तक्रार कोणी वाचणार नाही."

"मग हे आत्ता का सांगताय? मंगळवारी का नाही?"

"मंगळवारी तुम्ही मला बोलू दिलं नाहीत."

मनातल्या मनात मी तिला एक शब्द दिला. तोही फाईलमध्ये घालण्यासारखा नव्हता. मग दोन कोरे कागद मागितले आणि तिच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसले. सुनेला फोन केला नाही, जावयालाही नाही. माझं अक्षर मोठं आहे, ओळ वर चढत जाते. माझ्या हाताने मी लिहिलं:

‘मुख्य सिस्टर, चौथा मजला, यांना. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी तुम्हाला उद्देशून अपशब्द वापरला. सगळ्यांसमोर वापरला. त्यामुळे तुमचा अपमान झाला आणि मीटिंग मोडली. चूक माझी आहे. मी तुमची माफी मागते. मीटिंगमध्ये असलेल्या सगळ्यांची मागते. पुन्हा मीटिंगमध्ये असा शब्द वापरणार नाही.’

आठ ओळी. चूक माझी आहे या तीन शब्दांना मला पाऊण तास लागला. पेन टेकवायचं आणि पुढे परंतु यायचं, उचकीसारखं. बाईने वाचलं, शिक्का मारला आणि माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरंच केलं. दुसरा कागद मी त्यानंतर लिहिला. तो झरझर झाला. त्यात तारीख, वेळ, पिशवीची चिठ्ठी, चष्मेवालीचं बोट आणि सिस्टरची दोन वाक्यं, जशीच्या तशी. विशेषण एकही घातलं नाही, आणि रजिस्टरातल्या नोंदीसाठी खाली सिस्टरच्या सहीची जागा सोडली. सही करायला चष्मेवालीला बोलावलं. तिने सगळं वाचलं, एका जागी तारीख चुकली होती ती दुरुस्त केली आणि माझ्या नावाच्या वर स्वतःचं नाव लिहिलं.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला पत्र वाचायला सांगितलं. मी उभी राहून वाचलं. सिस्टर हाताची घडी घालून ऐकत होती, ओठाच्या कोपऱ्यात हसू दाबलेलं. शेवटी म्हणाली, मान्य आहे, पुढे लक्षात ठेवा म्हणजे झालं. साहेबांनी वृत्तान्त लिहिणाऱ्याला सांगितलं, विषय मिटला असं घ्या.

तेव्हा चष्मेवाली उठली. मी नाही, ती. आवक नंबर पडलेला कागद तिने सिस्टरसमोर ठेवला आणि वर चिठ्ठी ठेवली.

सिस्टर माझ्याकडे वळली. "आत्ताच माफी मागितलीत ना?"

"शब्दाची मागितली," मी म्हणाले. "चिठ्ठीवर मजला कुठला आहे ते वाचा."

तिने वाचलं नाही. साहेबांनी वाचलं, मोठ्याने, कारण आता मिटायचं दुसरं काही उरलं नव्हतं आणि वृत्तान्त लिहिणारा पेन उघडून बसला होता. त्याने विचारलं, सिस्टरनी कामावरून सुटल्यावरचं जे म्हटलं तेही घ्यायचं का? कोणी नाही म्हणालं नाही. सिस्टरच्या मानेवर लाल चट्टे आले. मग तिने सही केली, इतकी दाबून की कागद फाटतो की काय असं वाटलं, आणि कागद असा सरकवला की तो टेबलावरून खाली पडला.

मी वाकले. चष्मेवालीने हाताने मला थांबवलं, कागद स्वतः उचलला आणि सगळ्यांसमोर सिस्टरला म्हणाली, "तारीख राहिली."

सिस्टरने तारीख घातली.