स्वागताची सात पानं

ताईंच्या ऑफिसात माणसं दोनच. एक त्या स्वतः, लोकांची घरं आतून नव्यानं बांधून देणाऱ्या डिझायनर. दुसरा त्यांचा ड्राफ्ट्समन. रेघ जरा तिरकी गेली तरी त्याला जेवण जात नसे, म्हणून सगळे त्याला काटकोन म्हणत. बाकी सुतार, गवंडी, प्लंबर कामापुरते येत. गेली नऊ वर्षं सगळं तोंडी चालत आलं होतं. ग्राहक भेटायला आला की ताई तासभर बोलत आणि कुठल्या तरी कागदाच्या मागे चार ओळी खरडत. पुढचं काम सुरू होई ते फोनवर, जिन्यात, नाही तर लिफ्टच्या दारात उभ्या उभ्या.

नव्या ग्राहकाला द्यायचं माहितीच्या छापील पानांचं वेलकम पॅकेट करायचं ताईंनी ठरवलं ते रागाच्या भरात. राग होता सरांवर.

सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले भूगोलाचे शिक्षक. त्यांच्या पत्नीला, काकूंना, पक्षाघाताचा झटका आला होता आणि त्या दोन महिने हॉस्पिटलात होत्या. त्या घरी यायच्या आत बाथरूम सोयीचं करून हवं, एवढं सरांनी पहिल्या भेटीत सांगितलं होतं. ताईंनी न घसरणाऱ्या फरश्या घातल्या, भिंतीला धरायला दांडे लावले, बसून अंघोळ करता येईल असा कट्टा बांधला. काम देखणं झालं. काकू घरी आल्या त्या मात्र चाकाच्या खुर्चीतून. खुर्ची सव्वीस इंच रुंद आणि दाराची मोकळी जागा चोवीस.

खुर्ची चौकटीत अडकली तेव्हा ताई तिथेच होत्या. सरांचा मुलगा होता, काकू होत्या. सर हळूच म्हणाले, "मी दाराचं कळवलं होतं तुम्हाला."

"मला नाही कळवलंत, सर," ताई म्हणाल्या. "प्लॅनवर दाराचं माप लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. आम्ही काही मनकवडे नाही."

सरांनी प्लॅनवरची आपली सही पाहिली, बराच वेळ पाहिली. मग म्हणाले की असेल, माझ्याकडूनच राहिलं असेल. मुलानं आईची खुर्ची मागे घेतली. ताई जिना उतरल्या त्या जिंकल्याच्या तोऱ्यात, आणि ऑफिसात येऊन काटकोनाला म्हणाल्या की आता हे बंद. आपल्याला काय काय सांगायचं ते आपणच छापून ग्राहकाच्या हातात ठेवायचं, म्हणजे मागाहून कुणी बोट दाखवायला नको.

काटकोनाला असलं काम फार आवडे. त्यानं पानं आखून दिली. पहिल्यावर चार ओळींचं स्वागत. मग कामाचे टप्पे: मापं, पहिला आराखडा, तुमच्या दुरुस्त्या, पक्का आराखडा, सही, तोडफोड, बांधकाम, ताबा. कुठल्या टप्प्यानंतर काय बदलता येणार नाही, तेही. मग आमच्याशी बोलायचं कसं आणि कुठे. मग आम्हाला तुमच्याकडून काय हवं. ताईंनी मजकूर लिहायला घेतला. "ग्राहकाने वेळेत माहिती न दिल्यास" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यंच पहिल्या मसुद्यात अकरा झाली. लिहिताना प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे सर होते.

तिसऱ्या पानाशी मात्र गाडी अडली. आमच्याशी बोलायचं कुठे? काटकोन म्हणाला, "आधी आपण लोकांना आजवर काय काय पत्ते देऊन ठेवलेत ते तरी बघू." त्यानं व्हिजिटिंग कार्ड काढलं, बाहेरच्या पाटीचा फोटो काढला, वेबसाइट उघडली, जुनं पत्रक शोधलं. ताईंचा मोबाइल, ऑफिसचा फोन, काटकोनाचा मोबाइल, आणि कार्डावर तळाला बारीक अक्षरात एक ईमेल. मोबाइल आणि फोन रोजचेच होते. ईमेल कोण बघतं, असं त्यानं विचारलं तेव्हा ताईंना चटकन आठवेना. आधीची सहायक बघायची. ती सोडून गेल्याला दीड वर्ष झालं होतं.

पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला सापडला. काटकोन जेवायला खाली गेला आणि ताईंनी ती ईमेलची पेटी उघडली.

जाहिरातींच्या ढिगात सरांची तीन पत्रं होती. पहिलं काम सुरू व्हायच्या नऊ दिवस आधीचं. सोबत एका वहीच्या पानाचा फोटो, त्यावर पट्टीनं काढलेलं खुर्चीचं चित्र. रुंदी सव्वीस इंच, हाताची कोपरं धरून एकोणतीस. खाली लिहिलं होतं: "हॉस्पिटलातील व्यायाम-शिक्षिकेच्या मते दाराची मोकळी जागा किमान बत्तीस इंच असावी. प्लॅनमधील माप मला नीट उमगले नाही, तरी आपण ते पाहून घ्यालच या विश्वासाने सही करीत आहे." दुसरं पत्र चार दिवसांनी: मिळाल्याचं कळवावं. तिसरं अगदी दोन ओळींचं: "आपण कामात असाल. पत्र मिळाले असावे असे गृहीत धरतो."

ताईंचे कान तापले. खोलीत कुणी नव्हतं, तरी त्यांनी स्क्रीन खाली केला. काटकोन वर आला, पेटीत काही होतं का म्हणाला, आणि ताई म्हणाल्या, "सगळ्या जाहिराती." आपण हे का म्हणालो, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यानं मान डोलावली आणि तिसऱ्या पानावर ईमेल खोडला.

तीन दिवस त्या गप्प राहिल्या. कुणाला कळायचं काही कारणच नव्हतं. सरांनी चूक स्वतःवर घेतली होती, दार रुंद करून द्यायची तारीख पुढच्या महिन्याची ठरली होती. ताई पॅकेट लिहीत राहिल्या, पण "आम्हाला तुमच्याकडून काय हवं" या पानाशी आल्या की हात थांबे. घरात कोण कोण राहतं? कुणाला चालताना, वाकताना, पायरी चढताना त्रास होतो? आजारपण असेल तर माणूस घरी कशा अवस्थेत येणार आहे? भिंतीला धरायचे दांडे आपण स्वतः लावले, आणि ते धरणारी बाई दारातून आत येणार कशी हे विचारलं नाही. पत्राची गोष्ट तर सोडाच. विचारलं असतं तर पत्राची गरजच पडली नसती.

चौथ्या दिवशी सकाळी त्या तिन्ही पत्रांच्या प्रती घेऊन सरांकडे गेल्या. दार मुलानं उघडलं. सर आतल्या खोलीत होते. ताईंना बसवून मुलगा आवाज खाली करून म्हणाला की बरं झालं तुम्हीच आलात, यापुढे घराचं काहीही असलं तर मलाच विचारा. बाबांना आता काही लक्षात राहत नाही. त्या दाराच्या प्रकारानंतर आमच्या ध्यानात आलं. बँकेचं, औषधांचं सगळं मी हातात घेतलंय. पुढच्या आठवड्यात स्मरणशक्तीच्या डॉक्टरांची वेळ आहे.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माणसं सहज म्हणून जातात. ताईंना त्या घटकेला ते खरोखरच हवं होतं.

सर बाहेर आले. हातात एक छोटी वही होती. हल्ली ते प्रत्येक गोष्ट लिहून ठेवत होते: गॅस बंद केला, औषध दिलं, दाराला कडी लावली. ताईंना पाहून ते ओशाळं हसले, जणू अजून काही चुकलं असेल तर तेही ऐकून घेऊ.

"सर, तुम्ही विसरला नव्हता," ताई म्हणाल्या. "तीन पत्रं पाठवलीत तुम्ही. आमच्या कार्डावरच्या पत्त्यावर. ती आम्ही उघडलीच नाहीत. आणि मला हे तीन दिवसांपासून माहीत आहे."

सरांनी कागद घेतले, चष्मा लावला, पट्टीनं काढलेली खुर्ची ओळखली. खाली बसले. मग ते कागद त्यांनी मुलाकडे दिले नाहीत, आत जाऊन काकूंना दाखवले. पंधरवडाभर काकूंना पलंगावरच अंग पुसून घ्यावं लागत होतं. त्यांना अजून नीट बोलता येत नव्हतं, पण आतून त्यांचा रडण्याचा आवाज आला. ताईंकडे पाहायचं टाळत मुलगा खिडकीशी जाऊन उभा राहिला. डॉक्टरांच्या भेटीचं पुढे तो काही बोलला नाही.

सर बाहेर आले तेव्हा ताईंनी सांगितलं की दार याच आठवड्यात होईल, आमच्या खर्चानं. आणि माफी मागितली. सर म्हणाले, "माफीचं राहू द्या. पंधरा दिवस मी स्वतःलाच घाबरत होतो, ताई."



दुपारी ताईंनी काटकोनाला खरं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी जाहिराती नव्हत्या." एवढंच. पण त्यानंतर दोन दिवस तो कामापुरतंच बोलला, आणि ते ताईंना सोसावं लागलं.

दार झालं. लगतचा स्विचबोर्ड हलवला, भिंत फोडली, वर भार पेलायला नवी तुळई टाकली, चौतीस इंच मोकळी जागा काढली आणि सरकतं दार बसवलं. काम संपल्यावर ताईंनी पॅकेटचा मसुदा सरांपुढे ठेवला आणि वाचाल का, असं विचारलं. विचारताना त्यांना लाज वाटली, पण वाचून खरं सांगणारा दुसरा माणूस त्यांच्या नजरेसमोर नव्हता. सरांनी दोन दिवस घेतले. मजकुराला फारसा हात लावला नाही. प्लॅनच्या पानाशी मात्र लिहिलं: "माप नुसते लिहून सामान्य माणसाला कळत नाही. जागेवर खडूने आखून दाखवा, मगच सही घ्या." तिसऱ्या पानाशी एकच प्रश्न होता: "निरोप पोचला हे पाठवणाऱ्याला कळणार कसे?"

त्या प्रश्नावर ताई आणि काटकोन एक अख्खी सकाळ बसले. शेवटी पत्ते चारावरून दोनावर आले. घाईचं असेल तर ऑफिसचा फोन, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. बाकी सगळं एकाच ईमेलवर, जो काटकोन रोज दोनदा बघेल. साइटवर गवंड्याला किंवा सुताराला सांगितलेलं आमच्यापर्यंत पोचलं असं धरू नका. आणि ठळक अक्षरात: तुमचा निरोप मिळाल्याचं उत्तर आम्ही कामाच्या एका दिवसात देऊ. उत्तर आलं नाही, तर चूक आमची समजा आणि फोन करा. "ग्राहकाने वेळेत माहिती न दिल्यास" ही वाक्यं अकराची दोन उरली. पानं झाली सात.

पहिलं पॅकेट एका तरुण जोडप्याला गेलं. बाईंनी तिथेच बसून सगळं वाचलं आणि म्हणाल्या, किती विचार केलाय तुम्ही, कुणी असं देत नाही. ते कौतुक ऐकून ताईंना अंगावर पाल पडावी तसं झालं. त्या सरळ म्हणाल्या की हा विचार आम्ही आपण होऊन केलेला नाही, आणि दाराची गोष्ट सांगितली. पत्रांची, तीन दिवसांची, सगळी. नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. आम्ही कळवतो म्हणाले. पुढे त्यांनी काम दुसऱ्याला दिल्याचं कानावर आलं.

काटकोन म्हणाला, "ताई, सगळ्यांना कशाला सांगायचं? पॅकेट आहे ना."

ताईंनाही ते पटत होतं. तरी पुढच्या आठवड्यात एक गृहस्थ आईला घेऊन आले, तेव्हा पॅकेट हातात देण्याआधी त्यांनी खुर्ची आईजवळ ओढून घेतली आणि विचारलं, "तुम्हाला घरात कुठे कुठे अडतं?" म्हातारीनं आधी मुलाकडे पाहिलं. ताई म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, मी लिहून घेते," आणि लिहू लागल्या.