शक्तीच्या गोळ्या

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या हातून सकाळपासून तिसऱ्यांदा कात्री पडली, तेव्हा त्यांची बायको हातातलं काम टाकून जवळ आली. उजवं मनगट खाली लोंबत होतं. बोटं मिटत होती, पण हात वर उचलायला सांगितलं की हलायचं नाव नाही. मास्तर हसून म्हणाले, "संपावर गेलाय." बाईंना हसू आलं नाही. हात गेला तर दुकान गेलं, आणि दुकानाशिवाय हा माणूस दोन दिवसांत वेडा होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मास्तरांच्या वडिलांचे हातपाय असेच हळूहळू लुळे पडत गेले होते. मास्तर त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते. म्हणजे तेच डोक्यात घोळत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण चिवट होत्या. पोटात कळा येतात? येतात. शौचाला साफ होत नाही? आठ-आठ दिवस नाही. चेहरा इतका पांढराफटक कधीपासून?

"रोज काही औषध घेता?"

"छे!" बाईच मध्ये बोलल्या. "साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा नाही."

रक्त दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोलावलं. रक्त कमी होतंच, शिवाय तांबड्या पेशींमध्ये निळसर ठिपके दिसत होते. रंगाचं काम करता का? बॅटऱ्यांचं? मास्तर म्हणाले, "मी फक्त लोकांची पोटं मोजतो."

"बरं, पोटात कळ आली की काय करता?"

"एक गोळी जास्त घेतो," मास्तर सहज म्हणाले. "शक्तीची."

बाईंना घाम फुटला. शक्तीच्या गोळ्या! त्यांच्या सख्ख्या दादाने, आजोबांच्या पद्धतीने घरी खललेल्या. त्या काय औषध होत्या? कंबर दुखते म्हणून आठ महिने रोज सकाळी मधातून त्यांनीच चाटवल्या होत्या, आणि मास्तरांनी तोंड वाकडं केलं की "गिळा गुपचूप" म्हणून दटावलंही होतं.

गोळ्या आणि रक्त दोन्ही तपासायला गेली. गोळ्यांमध्ये शिसं निघालं. रक्तात तर असायला हवं त्याच्या कितीतरी पट.

"दादा म्हणतो, त्यातलं शिशाचं भस्म शुद्ध केलेलं असतं," बाई पुटपुटल्या.

"कसंही केलं तरी गोळीत शिसं आहे, आणि ते यांच्या रक्तात उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीरात साचत जातं. पोट दुखणं, रक्त कमी होणं, मनगट पडणं, ही त्याचीच लक्षणं. अजून काही महिने घेतल्या असत्या तर मूत्रपिंडही हातचं गेलं असतं. सध्या ते काठावर आहे, यकृत ठीक आहे."

"म्हणजे वडिलांचं ते दुखणं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. हे बहुतेक वेळा भरून येतं."

मास्तर खुर्चीतच सैल झाले. बाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. सुटका झाली होती, पण अपराधही त्यांचाच होता.

दवाखान्यात ठेवून शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध सुरू झालं. पहिल्या फेरीनंतर आकडा उतरला आणि परत चढला. हाडांत दडून बसलेलं शिसं रक्तात उतरतं म्हणे. मग दुसरी फेरी. दर खेपेला मूत्रपिंडाची तपासणी. मनगटाला आधाराची पट्टी. दादाला बाईंनी सगळं सांगितलं, तर तो भडकला. "मी स्वतः घेतो, मला काय धाड भरली?" म्हणाला आणि चार महिने उंबऱ्याला पाय लावला नाही.

आज डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. "मनगट उचला."

हात थरथरला, अडला, आणि उठला. पुरता नाही, पण कात्री धरण्याइतका.

"बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "संप मिटला." बाई हसता हसता हमसून रडल्या. "तुम्ही मला एकदा तरी बोला हो," त्या म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "बोललो असतो, पण तुझ्या हातचा मध गोड होता."

बाहेर बाकावर दादा बसला होता. चेहरा उतरलेला. कोपराच्या खळीत रक्त काढल्याचा कापूस.

"पावलांना मुंग्या येतात," तो खाली बघत म्हणाला. "रक्त दिलंय." मग त्याने खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "कालपासून गोळ्या बंद केल्या. पण ज्यांना दिल्या त्यांची ही यादी. एकतीस माणसं आहेत. एक बाई पोटुशी आहे. माझ्या तोंडून कोण ऐकणार? स्वतःच दिल्या नि स्वतःच खोट्या म्हणायच्या?"

मास्तरांनी कागद त्याच्या हातून घेतला आणि डॉक्टरीणबाईंच्या दाराकडे वळले.

"आधी ही यादी आत देऊ. मग तू सांग, मी शेजारी उभा राहतो. मनगट दाखवायला. पोटुशीच्या घरी आत्ताच जाऊ."