कागदावरच्या आठ खेळ्या

हणमंतराव पेशकारांची नार्नूरला बदली झाली, आणि नार्नूरला बुद्धिबळ खेळणारं कोणी नव्हतं. जायच्या आधी वामनराव वकिलांशी एकच डाव उरला होता. तो जिंकला तर क्लबतर्फे नांदेडच्या सामन्यात तिसऱ्या पटावर बसायचं, हरला तर घरी. सलग तीन वर्षं ते घरीच बसले होते.

अभ्यासाला वेळ रोज अर्धा तास. कचेरीतून आल्यावर, जेवायला पाटावर बसायच्या आधी.

पहिल्या वर्षी नागोराव मास्तरांनी इंग्रजी पुस्तक दिलं. "दुसऱ्याच खेळीला प्यादं द्या. तो खाईल, मग पुढच्या वीस खेळ्या पाठ असू द्या." पेशकारांनी चार महिने पाठ केल्या. वामनराव वकिलांनी प्यादं खाल्लंच नाही.

"काऊन खाल्लं नाही?" पेशकारांनी विचारलं.

"भूक नव्हती," वकील म्हणाले.

यंदा कोर्टातल्या निवृत्त अमीन शामरावांनी दुसरी वाट सांगितली. "तुमाले वेळ कमी. पाठांतर सोडा. एकच मांडणी घ्या, आठ खेळ्यांची. तो काहीबी खेळो, मांडणी तीच. पण दर खेळीला त्याच्याकडे पाहात जा."

पेशकारांनी आठ खेळ्या कागदावर उतरवल्या. पाहात जा, हे उतरवलं नाही. ती खेळी नव्हती.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. लहानपणापासून ते देशी डाव खेळत आले होते. त्यात पहिल्या खेळ्यांत दोघं आपापल्या अर्ध्यात फौज लावत, मधली रेघ ओलांडत नसत. तेवढा वेळ समोर पाहण्याची गरजच नसे.

डाव क्लबात रविवारी झाला. पांढरी मोहरी पेशकारांची. वजिराचं प्यादं, घोडा, राजाचं प्यादं, सगळं कागदाप्रमाणे. सहाव्या खेळीला वकिलांनी मधलं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. ते खायला हवं होतं. पण कागदावर सातवी खेळी राजा कोपऱ्यात नेण्याची होती. पेशकारांनी राजा नेला.

वकिलांचं प्यादं आणखी एक घर सरकलं. आता पेशकारांचा उंटही त्याच्या माऱ्यात होता आणि घोडाही.

पेशकारांनी कागद आठवला. आठवी खेळी जिथे खेळायची, ते घरच त्या प्याद्यानं अडवलं होतं; एक मोहरं गेलं, आणि मग डावही.

"तुमी माह्याकडे पाह्यलंच नाही, पेशकार," वकील हळू म्हणाले.

"मांडणी चालू होती," पेशकार म्हणाले.

नागोराव मास्तर म्हणाले, "पुढच्या वर्षी पुस्तकातली दुसरी वाट घेऊ." पुढचं वर्ष नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं; मास्तरांनाही.

नार्नूरला पेशकार कचेरीतून आले की पट मांडतात. अर्धा तास आहेच. समोर कोणी नसतं. आठही खेळ्या बिनचूक होतात.