दोन वाट्या फळ

आमच्या दवाखान्यात पथ्याची खोली म्हणजे जिन्याखालची. एक टेबल, तीन खुर्च्या, एक काटा आणि मी तयार केलेले छापील कागद. त्या कागदांचा मला फार अभिमान होता. सकाळी काय, दुपारी काय, झोपताना काय, सगळं ठळक अक्षरांत. ज्याची साखर उतरत नाही तो कागद पाळत नाही, असं माझं साधं गणित होतं, आणि बारा वर्षांत ते कधी चुकलं नव्हतं.

घड्याळवाले काका तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या चिठ्ठीवर उपाशीपोटीची साखर लिहिली होती : दोनशे बेचाळीस. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी खाली लाल पेनाने लिहिलं होतं, "दोनशेच्या आत आल्याशिवाय मोतीबिंदू काढणार नाही." दोनदा तारीख पुढे गेली होती. काका हातातली घड्याळं दुरुस्त करायचे आणि भिंग लावायचा तो उजवाच डोळा. आतली केसासारखी स्प्रिंग आता त्यांना धुक्यातून दिसत होती. दोन महिने दुकान बंद होतं. यावेळीही तारीख गेली तर पुढची चार महिन्यांनी मिळणार होती.

"काका, खरं सांगा, गोड कुठे खाता?" मी विचारलं.

"कुठेच नाही," ते म्हणाले.

शेजारी बसलेल्या काकूंनी पदर सावरला. "मीही हेच विचारते. साखरेच्या बरणीला मी रबरबँड लावून ठेवलंय, साखर कुठवर आहे ते कळावं म्हणून. बरणीतली पातळी हलत नाही. पण मग यांची साखर वाढते कुठून? बाहेर जाऊन खात असणार."

चाळीस वर्षांच्या संसारात बायको आपल्याला चोर समजते, हे काकांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मला त्यांची दया आली नाही, हे कबूल करते. मीही काकूंच्याच बाजूची होते.

त्यांनी खिशातून वही काढली. घड्याळजीची वही, त्यामुळे प्रत्येक घासाची वेळ मिनिटासकट. दोन पोळ्या, भाजी, ताक, मूठभर डाळ. औषधाच्या गोळ्याही वेळेवर. आणि रोज सकाळी सात वीसला व संध्याकाळी सहाला : "फळ, एक वाटी." माझ्या कागदावर दोन वाट्या फळ होतंच. वही चोख होती. मला राग यायला लागला, कारण चूक सापडत नव्हती.

"फळ कुठलं खाता?"

"खजूर."

मी पेन खाली ठेवलं. "अहो काका, खजूर हे फळ नाही. तो सुका मेवा."

"झाडावर येतो का?"

"येतो."

"फुलातून येतो का? आत बी, वर गर, त्यावर साल?"

"हो, पण..."

"मग फळ झालं की," काका शांतपणे म्हणाले. "तुमच्या कागदावर फळ लिहिलंय. पपई आणली तर ही कापायला बसते, तिचे सांधे दुखतात. खजुराला कापायची गरज नाही, बंद दुकानात जाऊन बसतो तिथेच वाटीभर खातो. मला वाटलं, फळ ते फळ."

शिकले होते मी हे सगळं. खजूर फळच आहे, एका बीचं, पुरेपूर फळ. मेवा हा आपल्या डब्यावरचा शब्द, झाडाला तो माहीत नाही. माझ्याच कागदावर फक्त "फळ" लिहून मी मोकळी झाले होते, आणि हा माणूस तो कागद अक्षरशः पाळत होता.

आता मला राहवेना. दवाखान्याच्या वरच्या स्वयंपाकघरातून मी खजुराचं पाकीट आणि एक वाटी आणली, शिवाय मनुका, जर्दाळू, अंजीर आणि सुके आलुबुखारही. काकांना बिया काढून वाटी भरायला सांगितली. त्यांनी ती नेहमीसारखी दाबून भरली. काट्यावर शंभर ग्रॅम.

"शंभरात साखर पासष्टच्या आसपास," मी पाकिटावरून वाचलं. "दोन वाट्या म्हणजे एकशे तीस. चहाचे बत्तीस चमचे, रोज."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. बरणीला रबरबँड लावणाऱ्या बाईला हा आकडा झेपण्यासारखा नव्हता.

"आणि पपई?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा पडला नव्हता, उलट ते पुढे झुकले होते.

"दोन वाट्यांत सहा चमचे फार तर."

"हे बाकीचे?"

मी एकेक पाकीट उचललं. मनुका साठ. जर्दाळू त्रेपन्न. अंजीर अठ्ठेचाळीस. आलुबुखार अडतीस. काका वहीत मोठ्या अक्षरांत उतरवत होते, त्यांना बारीक लिहिता येत नव्हतं.

"म्हणजे खजूर पुढे आहे, पण मनुकाही मागे नाही," ते म्हणाले. "पण द्राक्षात एवढी साखर कुठे असते?"

"शंभर ग्रॅम द्राक्षांत सोळा. वाळली की उरतात साधारण पंचवीस ग्रॅम मनुका. पाणी उडतं, साखर तिथेच राहते."

"पंचवीसात सोळा, म्हणजे शंभरात..." ते ओठांनी पुटपुटले. "चौसष्ट. साठाच्या जवळच. मग खजुराचं पाणी कोण काढतं?"

"बरंचसं झाडावरच उडतं. पिकता पिकताच तो सुकत जातो."

"हुशार आहे," काका म्हणाले, जणू एखाद्या नव्या घड्याळाची तारीफ करावी तसे. मलाही हसू आलं. मग लगेच वाईट वाटलं, कारण चार महिन्यांचा प्रश्न अजून तसाच होता, आणि तो माझ्या एका शब्दामुळे आला होता.

"चूक माझी आहे," मी सरळ सांगितलं. "ताजं फळ आणि त्याचं नाव लिहायला हवं होतं. खजूर विष नाही, त्यात तंतू आहेत, पण तुम्हाला जास्तीत जास्त एक, आणि तोही फळाच्या जागी. वाटी नाही."

काकू काकांकडे बघत होत्या. "मला एकदा तरी सांगायचं होतं, की फळ म्हणजे खजूर खाताय."

"तू विचारलंस गोड कुठे खाता. मी म्हटलं खात नाही. गोड म्हणजे मिठाई, नाही का?"

"पण पाकिटावर साखर लिहिलेली असते. वाचायचं ना."

काकांनी पाकीट उचललं, खिडकीकडे धरलं, जवळ आणलं, लांब नेलं. तपकिरी कागदावर पांढरी, मुंगीएवढी अक्षरं.

"दिसत नाही," ते म्हणाले. "दिसलं असतं तर इथे कशाला आलो असतो? आणि तुला वाचायला सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, हे बघा, गोडाचं पाकीट घेऊन फिरतायत."

काकूंना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. "म्हणाले असते," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी सगळे कागद रद्दीत टाकले आणि नवे लिहायला बसले. तीन आठवड्यांनी काकांची उपाशीपोटीची साखर एकशे अठ्ठावन्न आली. तारीख टिकली.

डोळ्याला पट्टी लागली, उतरली, आणि महिन्याभराने दोघं माझ्या खोलीत आले. काकूंच्या पिशवीत खजुराचं पाकीट होतं. काकांनी ते हातात घेतलं आणि मागची बाजू वाचायला लागले, सावकाश, एकही आकडा न अडखळता. साखर. तंतू. अगदी खालची छपाईसुद्धा.

"संपलं?" काकूंनी विचारलं.

"नाही, अजून एक ओळ आहे," काका म्हणाले. मग त्यांनी पाकीट काकूंपुढे धरलं. "ही तू वाच. खरं बोलतोय की नाही ते बघ."

काकूंनी पाकीट बघितलंही नाही. त्यांनी ते पिशवीत टाकलं आणि म्हणाल्या, "बरणीचं रबरबँड काढलंय मी."